लघवीची नळी, तिच्यातला बुळबुळीत थर आणि ‘लागू न पडणारी’ अँटिबायोटिक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कल्चरचं टेबल सांभाळते. रामबाग, लोकमान्य नगर, राजवाड्याच्या मागच्या गल्ल्या, जिथे जिथे आपली मराठी घरं आहेत तिथून व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचे फोटो येतात आणि खाली लिहिलेलं असतं, “ताई, जरा बघून सांग ना.” त्यातले निम्मे रिपोर्ट लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, लावलेल्या आजी-आजोबांचे असतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. कोणाला कोणतं औषध द्यायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील. मी सांगते आहे ते नळीत काय चाललेलं असतं त्याबद्दल.

१. बायोफिल्म म्हणजे नक्की काय? नळीला शेवाळ धरतं का?

शेवाळ नव्हे, पण हाताला लागतं तसंच. माठ आठ दिवस घासला नाही की आत बोट फिरवल्यावर जे बुळबुळीत लागतं, तीच ही चीज. जंतू पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट लगदा तयार करतात आणि त्या लगद्यात वसाहत करून राहतात. लगद्यात बहुतांश पाणीच असतं. उरलेल्या भागात साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या जंतूंमधून बाहेर पडलेला डीएनए.

काढलेली नळी मी कधीकधी ब्लेडने उभी चिरून बघते. बाहेरून ती पाकिटातून काढल्यासारखी स्वच्छ दिसते. आत मात्र पेजेचा हात पुसल्यासारखा पातळ, ओला, पिवळट थर असतो आणि टोकाजवळ, जिथे लघवी आत शिरायचं भोक असतं, तिथे तो सगळ्यात जाड. पाण्याच्या धारेखाली धरला तरी निघत नाही, खरवडावा लागतो.

२. नळी सीलबंद पाकिटातून, आमच्यासमोर काढली होती. मग जंतू आले कुठून?

बहुतेक वेळा पेशंटच्याच अंगावरून. आतड्यातले आणि जांघेतल्या त्वचेवरचे जंतू नळीच्या बाहेरच्या अंगाने मूत्रमार्गातून वर सरकतात. दुसरी वाट आतून आहे: नळी आणि यूरोबॅगचा जोड उघडला, किंवा पिशवी रिकामी करताना तिची तोटी जमिनीला किंवा बादलीला टेकली, की तिथून जंतू वर चढतात. पिशवी मूत्राशयापेक्षा उंच धरली तर पिशवीतली लघवी मागे वळते आणि त्यांचा प्रवास फुकटात होतो. ऑटोत बसवताना आजोबांची पिशवी त्यांच्याच मांडीवर ठेवलेली मी कितीदा पाहिली आहे.

चिकटण्याचा क्रम असा. नळी आत गेल्यावर काही मिनिटांतच लघवीतली प्रथिनं आणि क्षार तिच्यावर बसतात, म्हणजे कोऱ्या सिलिकॉनवर जणू अस्तर लागतं. जंतू आधी त्या अस्तराला सैल टेकतात, या वेळी ते वाहूनही जाऊ शकतात. मग घट्ट धरतात, शेपटी हलवणं बंद करतात, लगदा बनवू लागतात. काही दिवसांत थर मुरतो आणि त्यातून काही जंतू सुटून लघवीत तरंगू लागतात. नळी आत असेपर्यंत दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के पेशंटांच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात. महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांच्याच. यात घरच्यांचा निष्काळजीपणा असतोच असं नाही.

३. रिपोर्टमध्ये औषधासमोर ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलं होतं, तेच दिलं, तरी आठ दिवसांत ताप परत. रिपोर्ट चुकला का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. रिपोर्ट बहुधा बरोबर असतो, फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतो. लॅबमध्ये आम्ही लघवीत तरंगणारे जंतू घेतो, ताज्या खाद्यावर जोमाने वाढवतो आणि त्या अवस्थेत औषध त्यांना रोखतं का ते बघतो. नळीच्या थरात बसलेले जंतू त्या अवस्थेत नसतातच.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ऐंशीच्या आसपासचे आजोबा, प्रोस्टेट वाढलेलं, नळी पाच आठवड्यांपासून तीच. थंडी वाजून १०२ ताप. लघवीत ई. कोलाय आणि प्रोटियस, दोन्ही दिलेल्या औषधाला सेन्सिटिव्ह. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, कोर्स पुरा झाला आणि नवव्या दिवशी पुन्हा थंडी. पुन्हा कल्चर, तेच जंतू, तसेच सेन्सिटिव्ह. मुलगा रिपोर्ट घेऊन आला आणि काउंटरवर जरा चिडूनच बोलला.

या खेपेला डॉक्टरांनी आधी नळी बदलली आणि काढलेली नळी आमच्याकडे पाठवली. मी आतला थर खरवडून सलाइनमध्ये मिक्सरवर जोरात घुसळला, म्हणजे वसाहत मोडून एकेक जंतू सुटा झाला. ते जंतू प्लेटवर वाढवून त्याच औषधाची चकती ठेवली. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती छान मोकळं वर्तुळ. महिनाभर नळीत तग धरलेले, औषधाचा पुरा कोर्स पचवलेले जंतू सुटे होताच निमूट मेले. त्या मुलाला मी ती प्लेट दाखवली. तो म्हणाला, “मग आत असताना का नाही मेले?” त्याचं उत्तर ४ आणि ५ मध्ये आहे. आजोबा नव्या नळीवर सात दिवसांच्या औषधाने बरे झाले.

पहिल्या वेळी ताप उतरला होता तो का, हेही लक्षात घ्या. ताप आणणारे लघवीतले आणि ऊतींतले तरंगते जंतू खरोखरच मेले होते. उगम तसाच राहिला होता.

४. औषध त्या चिकट थरात शिरतच नसेल ना?

सगळ्यांना हेच वाटतं, आणि ते थोडंच खरं आहे. लेवेनहुकने १६८० च्या दशकात स्वतःच्या दातांवरचं कीटण भिंगाखाली पाहिलं तेव्हाही त्याला दिसलं होतं, की व्हिनेगरने चूळ भरल्यावर बाहेरच्या बाजूचे जीव मरतात, आतले राहतात. पण लगदा म्हणजे भिंत नव्हे. तो पाण्याने भरलेला असतो आणि औषधाचे रेणू लहान असतात. बरीचशी औषधं त्यातून पार होतात.

अमेरिकेतल्या मोंटानामध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने हे छान उलगडून दाखवलं. क्लेब्सिएला या जंतूचा थर वाढवला. सिप्रोफ्लॉक्सासिन त्यातून लवकरच आरपार गेलं. अँपिसिलिन मात्र गेलं नाही, कारण हा जंतू अँपिसिलिन फोडणारं एन्झाइम बनवतो आणि थरात ते इतकं साठलेलं असतं की औषध वाटेतच संपतं. मग त्यांनी ते एन्झाइम न बनवणारा क्लेब्सिएला घेतला. आता अँपिसिलिनही थराच्या तळापर्यंत पोचलं. तरंगते जंतू त्याने भराभर मेले. थरातले मात्र, औषध अंगावर येऊनही, बरेचसे जिवंत राहिले.

म्हणजे अडवणूक आहे, पण काही औषधांपुरती. जेंटामायसिन, अमिकासिन यांच्यावर धन विद्युतभार असतो, ती लगद्यातल्या ऋणभाराच्या साखळ्यांना आणि डीएनएला चिकटून रेंगाळतात. उशीर होतो एवढंच, वाट कायमची बंद होत नाही. खरी गोम पुढच्या उत्तरात आहे.

५. औषध पोचूनही जंतू मरत नाहीत, हे कसं?

कारण बहुतेक अँटिबायोटिक्स जंतूचं चालू असलेलं काम बिघडवून त्याला मारतात. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं नवी भिंत बांधताना घोळ घालतात. जो जंतू भिंत बांधतच नाही, त्याचं ती काय बिघडवणार? सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएच्या नकला होताना घाव घालतं. जेंटामायसिनला पेशीत शिरायलाच श्वसनातून मिळणारी ऊर्जा लागते. सरकारी ऑफिसला सुट्टी असताना संप पुकारला तर कोणाचं काम अडतं, तसलाच हा प्रकार.

आणि थरात आत खोल सुट्टीच असते. वरचे जंतू ऑक्सिजन आणि खाद्य आधी खाऊन टाकतात. सुडोमोनासच्या दाट थरात मोजलं तेव्हा ऑक्सिजन पहिल्या सुमारे ५० मायक्रोमीटरमध्येच संपत होता, आणि ही जाडी आपल्या केसापेक्षाही कमी. त्याखालचे जंतू जिवंत असतात पण वाढत नाहीत. औषध दिलं की वरची पापुद्र्याएवढी पातळी मरते, खालची तशीच राहते. वरचे मेल्यावर खालच्यांना ऑक्सिजन मिळू लागतो, ते जागे होतात. त्या वेळी औषध अजून चालू असेल तर तेही मरतात, बंद झालं असेल तर वसाहत पुन्हा उभी राहते.

याशिवाय प्रत्येक गर्दीत थोडे जंतू मुळातच निपचित असतात. १९४४ मध्ये जोसेफ बिगर यांनी पेनिसिलिनने स्टॅफिलोकोकसचे जंतू मारले तेव्हा लाखोंमध्ये एखादा उरतच होता. उरलेल्यांची पैदास मात्र पेनिसिलिनने पहिल्यासारखीच मरत होती. बिगर यांनी त्यांना ‘पर्सिस्टर’ म्हटलं. आपण ‘चिवट’ म्हणू. थरात यांचं प्रमाण वाढतं, आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशींना लगद्यात शिरून त्यांना टिपणं अवघड जातं.

हिशेब करून बघा. समजा थरात १० कोटी जंतू आहेत आणि औषधाने त्यातले ९९.९ टक्के मारले. कागदावर झकास. पण उरले १ लाख. हजारपट व्हायला फक्त दहा वेळा दुप्पट व्हावं लागतं. दुप्पट व्हायला दोन तास लागतात असं धरलं तरी वीस तासांत पुन्हा १० कोटी.

६. म्हणजे हा रेझिस्टन्सच झाला की!

नाही, आणि हा फरक पाळायला हवा. रेझिस्टंट जंतू औषधात राहूनही वाढतो. त्याचे जीन वेगळे असतात आणि पुढच्या पिढ्यांकडे तो गुण जातो. थरातला जंतू औषधात वाढत नाही, फक्त तग धरतो, आणि थर मोडला की तो गुणही जातो (३ मधली प्लेट आठवा). याला मी सोशीकपणा म्हणते. पहिला प्रकार नेहमीच्या कल्चर रिपोर्टमध्ये दिसतो, दुसरा दिसत नाही.

थरावरच औषध तपासण्याची पद्धत आहे. कॅनडात कॅल्गरीच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्लास्टिकच्या खुंट्या असलेलं एक झाकण बनवलं. खुंट्यांवर थर वाढवायचा आणि तेच झाकण औषधाच्या वेगवेगळ्या तीव्रतांत बुडवायचं. अशा चाचण्यांत थर मारायला कधी दहापट, कधी हजारपट औषध लागतं. रोजच्या रिपोर्टसाठी ही चाचणी आम्ही करत नाही. तिच्या आकड्यावरून पेशंटचं औषध कसं बदलायचं याचा पक्का नियम अजून बसलेला नाही.

एक धोका मात्र खरा आहे. सोशीक जंतूंवर पुन्हा पुन्हा अर्धवट औषध मारत राहिलात, की त्यातूनच पुढे खरे रेझिस्टंट निपजतात.

७. मग डोस दहापट करा ना?

रक्तात तेवढं औषध चढण्याआधी मूत्रपिंड आणि कान जातील. काही औषधं लघवीत रक्तापेक्षा कितीतरी जास्त साठतात हे खरं, पण न वाढणाऱ्या जंतूला (५ पाहा) जास्त डोसचंही विशेष काही वाटत नाही.

८. कल्चरसाठी लघवी पिशवीतून आणली तर चालेल?

नाही चालणार. पिशवीत लघवी तासन्‌तास उबेत पडलेली असते, तिथे जे वाढतं ते मूत्राशयात असेलच असं नाही. दर आठवड्याला कोणीतरी बिसलेरीच्या बाटलीत पिशवीतली लघवी आणतं आणि मला ती परत पाठवावी लागते. वाईट वाटतं, पण इलाज नाही.

नमुना नळीवरच्या पोर्टमधून, तो भाग पुसून, सिरिंजने घ्यायचा. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल आणि तापासारखी लक्षणं असतील, तर आधी नळी बदलायची आणि नव्या नळीतून नमुना घ्यायचा. जुन्या नळीतून घेतलेल्या लघवीत थरातून झडलेले चार-चार प्रकारचे जंतू येतात आणि खरा गुन्हेगार कळत नाही. ३ मधल्या आजोबांच्या नव्या नळीतून फक्त ई. कोलाय आला. प्रोटियस जुन्या नळीचा भाडेकरू निघाला. नळी बदलायची ती अँटिबायोटिकचा पहिला डोस कसा लागतोय ते बघत बसून नव्हे, उपचाराच्या सुरुवातीलाच.

९. ताप नाही, त्रास नाही, पण रिपोर्टमध्ये जंतू खूप आहेत. औषध सुरू करू?

नळी असलेल्या पेशंटमध्ये नुसत्या जंतूंसाठी औषध देत नाहीत. गढूळ किंवा वास येणारी लघवी एवढ्यावरूनही नाही. २ मध्ये सांगितलं तसं महिन्याभरात जंतू सगळ्यांकडेच असतात. औषधाने ते थोडे दिवस हटतात आणि मग जास्त हट्टी परत येतात. गर्भवती बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेला पेशंट हे अपवाद.

थंडी वाजून ताप, कमरेच्या बाजूला दुखणं, पेशंट अचानक गुंगीत जाणं, बीपी उतरणं, असं काही असेल तर मला फोटो पाठवत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

१०. बाबांची नळी दर आठ-दहा दिवसांनी तुंबते, आत खडीसारखं साचतं. बोअरिंगचं पाणी पितात म्हणून?

इंदुरात कशाचाही दोष पाण्याला देतात, जलूदहून नर्मदा आली तरी सवय गेली नाही. इथे दोषी बहुधा प्रोटियस मिराबिलिस आहे. हा जंतू युरिएज नावाच्या एन्झाइमने लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतो. लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यातच विरघळलेले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचे फॉस्फेट क्षार थरात खडे होऊन बसतात. नळी चिरली की अमोनियाचा भपकारा येतो आणि बोटाला रवा लागावा तसं कचकचतं. एकदा हे सुरू झालं की औषधाने थांबत नाही, कारण जंतू आता लगद्यात आणि दगडात दोन्हीकडे लपलेले असतात.

घरी ओळखायची खूण: पीएचच्या पट्टीवर लघवीचा पीएच सतत ८ च्या आसपास, आणि पिशवीत लघवी कमी पण चड्डी ओली, म्हणजे लघवी नळीच्या कडेने येते आहे. तुंबलेली नळी थांबायचं काम नव्हे, लघवी मागे मूत्रपिंडाकडे चढते. वारंवार तुंबत असेल तर डॉक्टरांना मूत्राशयात खडा आहे का ते बघायला सांगा. नवी नळी घातली आणि खडा आतच राहिला, तर त्यातले प्रोटियस नव्या नळीवर लगेच बस्तान बसवतात.

पाण्याबद्दल म्हणाल तर उलटंच आहे. भरपूर पाणी आणि लिंबाचं सरबत यांनी लघवी पातळ होते, सायट्रेट वाढतं आणि क्षार बसायला जास्त पीएच लागतो, म्हणजे नळी जास्त दिवस टिकते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशंटला पाण्याची मर्यादा घालून दिलेली असेल तर हे आपल्या मनाने करू नका.

११. आजीची पिशवी जांभळी झाली आहे! विषबाधा?

फोटो बघून पहिल्यांदा मीही दचकले होते. जेवणातल्या ट्रिप्टोफॅनपासून आतड्यातले जंतू इंडोल बनवतात, यकृत त्याचं रूप बदलून लघवीत सोडतं आणि नळी-पिशवीतले काही जंतू त्यातून निळा इंडिगो आणि लाल इंडिरुबिन तयार करतात. दोन्ही मिळून प्लास्टिक जांभळं. बद्धकोष्ठ असलेल्या, बिछान्याला खिळलेल्या वृद्ध बायकांमध्ये जास्त दिसतं. पोट साफ होईल असं बघा, नळी आणि पिशवी बदला. ताप नसेल तर घाबरण्यासारखं काही नाही.

१२. चांदीचा मुलामा दिलेली महाग नळी घेऊ का? रोज सलाइनने धुतली तर?

ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत (२०१२) थोड्या दिवसांसाठी नळी लावलेल्या पेशंटांमध्ये चांदीच्या नळीचा कामाचा असा फायदा दिसला नाही. प्रथिनांचं अस्तर (२ पाहा) चांदीवरही बसतंच. जंतू घालवायला रोज धुणं म्हणजे रोज जोड उघडणं. नका करू.

१३. थर असलेली वस्तू काढून टाकणं हाच उपाय, तर आईच्या गुडघ्यातला कृत्रिम सांधा काढायचा का?

नळी पाच मिनिटांत बदलते, सांधा नाही, म्हणून तिथे नियमाला अपवाद शोधावा लागला. सांधा हाडात घट्ट असेल, लक्षणं सुरू होऊन साधारण तीन आठवड्यांच्या आतच असतील आणि जंतू स्टॅफिलोकोकस असेल, तर सर्जन सांधा उघडून खरवडून धुतात, प्लास्टिकचा सुटा भाग बदलतात आणि धातू जागेवर ठेवतात. मग काही महिने रिफाम्पिसिनसोबत दुसरं एक अँटिबायोटिक. रिफाम्पिसिन हे ५ मधल्या नियमाला अंशतः अपवाद आहे, ते मंदावलेल्या स्टॅफिलोकोकसवरही काम करतं. एकटं मात्र कधीच देत नाहीत. एका बदलाने जंतू त्याला खराखुरा रेझिस्टंट होतो (६ पाहा), तोही काही दिवसांत. थर जुना आणि मुरलेला असेल तर मात्र बहुतेकदा सांधा काढावाच लागतो.

आणि हो, रिफाम्पिसिन सुरू झालं की लघवी केशरी होते. तो औषधाचाच रंग. घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रश्न ११ मला नव्या रंगात येतो.